क्रिटिकल पाथ: चुकीच्या टास्कवर घालवलेले तीन आठवडे

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात मी एक कर्नल जवळपास दुप्पट वेगवान केला. तीन आठवडे लागले. सगळा प्रोग्रॅम पुन्हा चालवला, तर एकूण वेळ होता तेवढाच. फरक मोजमापाच्या गोंगाटात हरवून जावा इतका कमी. गाइडना दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "ग्राफच्या नोडना वजनं कुठली दिली होतीस?" आणि "कोअर किती होते?" पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर होतं, "वजनं नव्हती, टास्क मोजल्या." दुसऱ्याला, "सोळा." त्या नुसत्या हसल्या आणि फळ्याकडे बोट दाखवलं. पुढचा तास जे काही फळ्यावर मांडलं गेलं, ते आज इथे मांडतो.

आधी विषय काय होता ते सांगतो. एखादं मोठं काम लहान टास्कमध्ये तोडलं की काही टास्क दुसऱ्या टास्कवर अवलंबून असतात. प्रत्येक टास्क म्हणजे एक नोड आणि "हे झाल्याशिवाय ते सुरू होत नाही" म्हणजे एक बाण. बाणांच्या मागे मागे जाऊन आपण परत त्याच नोडवर कधीच येत नाही, नाहीतर काम सुरूच होऊ शकलं नसतं. असा दिशा असलेला पण चक्र नसलेला ग्राफ म्हणजे डॅग. यातला सगळ्यात लांब मार्ग, म्हणजे ज्या मार्गावरच्या टास्कच्या वेळांची बेरीज सर्वांत जास्त आहे तो, म्हणजे क्रिटिकल पाथ. तुमच्याकडे हजार कोअर असले तरी काम त्याहून आधी संपत नाही. ही पद्धत केली आणि वॉकर या दोघांनी १९५९ मध्ये ड्यूपाँटच्या कारखान्यांच्या नियोजनासाठी मांडली. मला मात्र ती भेटली मॅट्रिक्सच्या कामात.

माझं उदाहरण होतं चोलेस्की फॅक्टरायझेशन. (हे चोलेस्की फ्रेंच तोफखान्यातले अधिकारी होते. जमीन मोजणीची समीकरणं सोडवायला त्यांनी ही रीत काढली. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये ते मारले गेले आणि रीत १९२४ मध्ये एका सहकाऱ्याने छापली.) सिमेट्रिक पॉझिटिव्ह डेफिनिट मॅट्रिक्स `A` दिली की तिचे `A = L·Lᵀ` असे तुकडे करायचे, जिथे `L` खालच्या त्रिकोणात भरलेली असते. मोठ्या मॅट्रिक्ससाठी तिचे `t × t` चौकोनी टाइल करतात आणि प्रत्येक टाइलवर चारपैकी एक कर्नल चालवतात. `POTRF` कर्णावरच्या टाइलचं फॅक्टरायझेशन करतो. `TRSM` त्याच्या खालच्या, त्याच स्तंभातल्या टाइल सोडवतो. मग त्या स्तंभाचा परिणाम उजवीकडच्या उरलेल्या टाइलमधून वजा करायचा: कर्णावरच्या टाइलसाठी `SYRK`, बाकीच्यांसाठी `GEMM`. एक स्तंभ झाला की पुढचा, पुन्हा तेच.

मी यांना अनुक्रमे `P`, `T`, `S`, `G` म्हणणार आहे. `T31` म्हणजे तिसऱ्या ओळीतल्या, पहिल्या स्तंभातल्या टाइलवरचा `TRSM`. एकाच टाइलवर अनेकदा वजाबाकी होते, तेव्हा कितव्या स्तंभासाठी ते तिरक्या रेघेनंतर लिहितो. `G43/2` म्हणजे (४,३) या टाइलमधून दुसऱ्या स्तंभाचा हिस्सा वजा करणं. एवढी खूण लक्षात राहिली की पुढचं सगळं वाचता येईल. आपण `t = 4` घेऊ. म्हणजे ४ `P`, ६ `T`, ६ `S`, ४ `G`, एकूण २० टास्क. कागदावर काढता येतील इतक्या. खरंच काढा, मी थांबतो.

आता अवलंबित्व. `P1` झाल्यावर `T21`, `T31`, `T41` तिन्ही एकदम सुरू होऊ शकतात. `G32/1` ला `T31` आणि `T21` दोन्ही लागतात, कारण ती त्यांच्याच गुणाकाराची वजाबाकी आहे. `S22/1` ला फक्त `T21` पुरतो. `P2` ला `S22/1` लागतो. `T32` ला `P2` तर लागतोच, शिवाय `G32/1` पण लागतो, कारण (३,२) ही टाइल आधी अद्ययावत झाली पाहिजे. हा "शिवाय" लक्षात ठेवा. माझे तीन आठवडे याच शब्दात गेले.

सगळ्यात लांब मार्ग काढायचा म्हटल्यावर अल्गोरिदमचा कोर्स केलेल्या कोणालाही आधी भीती वाटायला हवी. कुठल्याही ग्राफमध्ये लांबात लांब साधा मार्ग शोधणं एनपी-हार्ड आहे. डॅगमध्ये मात्र तेच काम नोड आणि बाणांच्या संख्येच्या प्रमाणात, म्हणजे एका फेरीत होतं. असं का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण "चक्र नाही म्हणून" एवढं उत्तर तोंडी परीक्षेत पुरत नाही.

`v` या नोडपर्यंतचा सर्वांत लांब मार्ग हवाय. त्याच्या अगदी आधीचा नोड `u` असेल, तर `u` पर्यंतचा सर्वांत लांब मार्ग घ्यायचा आणि पुढे `v` जोडायचा, असं आपण सहज म्हणतो. चक्र असलेल्या ग्राफमध्ये इथेच घोळ होतो. `u` पर्यंतचा सर्वांत लांब मार्ग आधीच `v` मधून गेलेला असू शकतो. मग पुढे `v` जोडला तर तो साधा मार्ग उरत नाही. म्हणजे लहान प्रश्नाचं उत्तर मोठ्या प्रश्नात वापरता येत नाही, आणि कुठून कुठून गेलो ते सगळं लक्षात ठेवत बसावं लागतं. डॅगमध्ये `u` पर्यंतच्या कुठल्याही मार्गावर `v` असणं शक्यच नाही. असता, तर `v` पासून `u` आणि `u` पासून `v` असं चक्र झालं असतं. त्यामुळे लहान उत्तरं बिनधास्त जोडता येतात. एवढाच फरक आहे, पण सगळं त्यावर उभं आहे.

फक्त क्रम सांभाळायचा. कुठल्याही नोडकडे वळण्याआधी त्याचे सगळे पूर्वज आटोपलेले हवेत. हा क्रम म्हणजे टोपोलॉजिकल क्रम. ज्यांच्याकडे येणारा एकही बाण उरलेला नाही असे नोड काढत जायचे, काढलेल्याचे बाण पुसायचे, की क्रम तयार. मधेच असा नोड उरलाच नाही आणि ग्राफ मात्र संपला नाही, तर समजायचं की कुठेतरी चक्र आहे, म्हणजे अवलंबित्व लिहिताना चूक झाली आहे. क्रम हातात आला की बाकी काम चार ओळींचं:

```python
ef = {}                      # प्रत्येक टास्क संपण्याची लवकरात लवकर वेळ
for v in order:              # टोपोलॉजिकल क्रम
    es = max((ef[u] for u in pred[v]), default=0)
    ef[v] = es + w[v]
```

एक चूक मी ज्युनिअर्सच्या कोडमध्ये बऱ्याचदा पाहतो: डिक्स्ट्राचा अल्गोरिदम घ्यायचा आणि `min` च्या जागी `max` टाकायचं. ते चालत नाही. डिक्स्ट्रा "आता याहून कमी मिळणं शक्य नाही" असं म्हणून नोड पक्का करतो, आणि वजनं ऋण नसली की ते खरं असतं. "आता याहून जास्त मिळणं शक्य नाही" असं मात्र म्हणता येत नाही, कारण पुढे चालत गेलं की मार्ग लांबतच जातो. गंमत म्हणजे लहान उदाहरणांवर अशा कोडचं उत्तर पुष्कळदा बरोबर येतं, म्हणून चूक टिकून राहते.

आता वजनं. टाइलची बाजू `b` असेल तर `POTRF` ला साधारण `b³/3` गणिती क्रिया लागतात, `TRSM` आणि `SYRK` ला प्रत्येकी `b³`, आणि `GEMM` ला `2b³`. `b³/3` हे एक एकक धरलं की वजनं होतात `P` = १, `T` = ३, `S` = ३, `G` = ६. आकडे सुटसुटीत आहेत. वीस टास्कची बेरीज ४ + १८ + १८ + २४ म्हणजे ६४ येते. ही नुसती योगायोगाची ६४ नाही. `t` कितीही असला तरी एकूण काम `t³` एककं येतं.

वरचा कोड चालवला की हे मिळतं. तिसरा आकडा स्लॅक आहे, तो कुठून आला ते लगेच सांगतो:

```
task            start  finish  slack
P1                0      1      0
T21 T31 T41       1      4      0
S22/1             4      7      2
G32/1 G42/1       4     10      0
G43/1             4     10      3
S33/1             4      7      8
S44/1             4      7     12
P2                7      8      2
T32 T42          10     13      0
S33/2            13     16      2
S44/2            13     16      6
G43/2            13     19      0
P3               16     17      2
T43              19     22      0
S44/3            22     25      0
P4               25     26      0
```

म्हणजे कितीही कोअर द्या, २६ च्या आत काम होत नाही. कुठली टास्क किती लांबवता येईल हे पाहायचं तर तोच ग्राफ उलटा चालायचा: शेवटापासून मागे येत, प्रत्येक टास्क उशिरात उशिरा कधी संपली तरी २६ गाठता येईल ते काढायचं. उशिरात उशिरा आणि लवकरात लवकर यांतला फरक म्हणजे स्लॅक. ज्यांचा स्लॅक शून्य त्या टास्क क्रिटिकल.

स्लॅक वाचताना एक सावधगिरी. `S22/1` चा स्लॅक २ आणि `P2` चा पण २, म्हणून दोघांना मिळून ४ सवलत आहे असं नाही. दोन्ही एकाच साखळीत आहेत आणि ते २ एककं दोघांत सामाईक आहेत. `S22/1` ने ती खाल्ली की `P2` कडे काहीच उरत नाही.

आता तक्त्यातल्या शून्यांकडे बघा. `P1` क्रिटिकल आहे, `P4` क्रिटिकल आहे, पण `P2` आणि `P3` नाहीत! कर्णावरचा `POTRF` म्हणजे प्रत्येक स्तंभाचं कुलूप, ते उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं चित्र माझ्या डोक्यात पक्कं होतं. कुलूप आहे हे खरंच. पण ते वेळेच्या २ एककं आधीच उघडलेलं असतं, आणि `T32` तरीही थांबलेला असतो, कारण `G32/1` अजून चालू असतो. तोच तो "शिवाय".

एका `TRSM` पासून पुढच्या स्तंभातल्या `TRSM` पर्यंत जायचे दोन रस्ते आहेत. एक `SYRK` आणि `POTRF` मधून, कर्णावरून. दुसरा थेट `GEMM` मधून. पहिल्याचा खर्च ३ + १ = ४, दुसऱ्याचा ६. मोठा जिंकतो, आणि दर स्तंभाला हेच घडतं. म्हणून क्रिटिकल पाथ `P1` मधून निघतो, मग `T`, `G`, `T`, `G`, `T` असा कर्णाच्या शेजारून उतरतो, आणि अगदी शेवटी `S`, `P` ने संपतो. सर्वसाधारण `t` साठी बेरीज केली तर `1 + 3 + 9(t − 2) + 3 + 1`, म्हणजे `9t − 10`. `t = 4` घातला की २६. जुळलं.

मी काय केलं होतं? प्रत्येक टास्कचं वजन १ धरलं होतं. तेव्हा पहिला रस्ता २ चा आणि दुसरा १ चा होतो. कर्णावरचा रस्ता जिंकतो आणि मार्ग येतो `P T S P T S P T S P`, दहा टास्कचा. वजनांनुसार त्याच मार्गाची बेरीज २२ भरते. खरा क्रिटिकल पाथ आठच टास्कचा आहे, पण २६ चा. टास्कच्या संख्येने सर्वांत लांब आणि वेळेने सर्वांत लांब, हे दोन वेगळे मार्ग आहेत. ग्राफ तोच, बाण तेच. माझ्या स्क्रिप्टने बरोबर उत्तर दिलं होतं, पण दुसऱ्याच प्रश्नाचं.

माझ्या खऱ्या मॅट्रिक्समध्ये `t = 20` होता. बिनवजनाचा मार्ग ५८ टास्कचा आला, त्यात २० `POTRF`. मार्गातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त टास्क एकाच कर्नलच्या! मी हुरळून गेलो. खरा क्रिटिकल पाथ `9 × 20 − 10` म्हणजे १७० एककांचा होता आणि त्यावर `POTRF` फक्त दोन, पहिला आणि शेवटचा. ते दोन निम्म्या वेळात केले तर १७० मधून एक एकक वाचतं.

आणि ते एक एकक पण मला मिळणार नव्हतं. इथे गाइडचा दुसरा प्रश्न येतो. एकूण काम `20³`, म्हणजे ८००० एककं. सोळा कोअरवर अगदी काटेकोर समान वाटलं तरी ५०० एककं लागतात. क्रिटिकल पाथ म्हणतो १७० च्या खाली जाणार नाहीस, आणि कामाचा डोंगर म्हणतो ५०० च्या खाली जाणार नाहीस. दोन्ही मर्यादा एकदम लागू असतात आणि जी मोठी ती बोचते. माझ्याकडे क्रिटिकल पाथ बोचतच नव्हता. ८००० भागिले १७० म्हणजे साधारण ४७. इतके कोअर झाल्याशिवाय क्रिटिकल पाथ ही मुख्य अडचणच नव्हती. सोळा कोअरवर वेळ कमी करायची तर एकूण काम कमी करायला हवं होतं, आणि त्यात सगळ्या `POTRF` चा वाटा ८००० पैकी २० एककं. आकडे असे शेजारी मांडले की लाज वाटते.

म्हणून आता माझ्या वहीत कुठल्याही ग्राफसाठी पहिल्या पानावर दोन आकडे असतात: एकूण काम आणि क्रिटिकल पाथ. त्यांचा भागाकार कोअरच्या संख्येहून बराच मोठा असेल, तर क्रिटिकल पाथ छाटण्यात अर्थ नाही. लहान असेल, तर नवे कोअर घेण्यात अर्थ नाही.

या दोन मर्यादांपैकी मोठी जी असेल तेवढ्या वेळात काम होईलच, असं मात्र नाही. आपल्या चार टाइलच्या उदाहरणात तीन कोअर घेऊ. ६४ भागिले ३ म्हणजे २१ आणि थोडं. क्रिटिकल पाथ २६. तर तीन कोअरवर २६ मध्ये होईल? मला वाटलं होतं होईल. करून बघू. २६ गाठायचं तर शून्य स्लॅकच्या टास्क क्षणभरही थांबू शकत नाहीत. म्हणजे ४ ते १० दोन कोअर `G32/1` आणि `G42/1` मध्ये अडकले, आणि १० ते १३ दोन कोअर `T32`, `T42` मध्ये. उरला एक कोअर, ४ ते १३, नऊ एककं. या काळात त्याला `S22/1` (३), `P2` (१) आणि `G43/1` (६) करायलाच हवेत, नाहीतर १३ ला `G43/2` सुरू होणार नाही. बेरीज १०. एका एककाने हुकतं. प्रत्येक टास्कचा स्लॅक वेगवेगळा बघितला तर तक्रारीला जागा नव्हती. तिघी एकाच कोअरवर आल्या तेव्हा जागा पुरली नाही. तीन कोअरवर २७ मध्ये होतं, चौथा कोअर दिला की २६ मध्ये. २७ चं वेळापत्रक तुम्ही जुळवून बघा, `G43/1` ८ ला सुरू करा म्हणजे बाकीचं आपोआप बसेल.

क्रिटिकल पाथ काढताना ग्राफला वाटतं की कोअर अमर्याद आहेत. मर्यादित कोअरवर सर्वोत्तम वेळापत्रक काढणं हा पुन्हा एनपी-हार्ड प्रश्न आहे. दिलासा एवढाच, की कोअर रिकामा असताना तयार टास्क कधीच ताटकळत ठेवली नाही, तर लागणारा वेळ `W/p + (1 − 1/p)·D` याहून जास्त होत नाही. `W` एकूण काम, `D` क्रिटिकल पाथ, `p` कोअर. ग्रॅहम यांचा १९६० च्या दशकातला निकाल आहे हा. आपल्या तीन कोअरला तो ३९ च्या किंचित खाली कमाल मर्यादा देतो. म्हणजे अगदी वेंधळेपणाने केलं तरी २७ ते ३९ च्या मध्ये. तयार टास्कपैकी कुठली आधी उचलायची यासाठी रनटाइम बहुधा "या टास्कपासून शेवटापर्यंतचा सर्वांत लांब मार्ग" हीच प्राथमिकता वापरतात. एचईएफटी नावाच्या प्रसिद्ध पद्धतीचा गाभा हाच. म्हणजे तीच चार ओळींची फेरी, उलट दिशेने.

वजनांबद्दल अजून थोडं, कारण ती १, ३, ३, ६ ही गणिती क्रियांची संख्या आहे, वेळ नाही. सगळे कर्नल सेकंदाला सारख्याच क्रिया करत असते तर फरक पडला नसता. पण `GEMM` हा मशीनच्या कमाल वेगाच्या सर्वांत जवळ जाणारा कर्नल असतो, आणि `POTRF` मध्ये वर्गमूळं, भागाकार आणि एकापाठोपाठ एक चालणारे टप्पे असल्याने तो रेंगाळतो. जीपीयूवर हे जास्तच जाणवतं. समजा `POTRF` ला १ ऐवजी ४ एककं लागली. मग कर्णावरचा रस्ता ३ + ४ = ७ चा होतो आणि `GEMM` चा ६ च राहतो. क्रिटिकल पाथ कर्णावर उडी मारतो, `P T S P T S P T S P`, आणि २६ ऐवजी ३४ होतो. उंबरठा कुठे आहे ते दिसलं असेलच: `SYRK` आणि `POTRF` मिळून `GEMM` पेक्षा जास्त वेळ घेतात का. तेव्हा माझ्या तीन आठवड्यांचं काम काही मशीनवर, पुरेसे कोअर असताना, उपयोगाचं ठरू शकतं. मी त्या मशीनवर नव्हतो आणि हे मोजायला मला अर्धी दुपार लागली असती.

मोजलं तरी सरासरी वेळ घालताना जपून. आपल्या तक्त्यात क्रिटिकल मार्ग एक नाही, चार आहेत, आणि `T21`, `T31`, `T41` तिन्ही एकदम क्रिटिकल आहेत. समजा प्रत्येकाला कधी २ तर कधी ४ एककं लागतात, दोन्हींची शक्यता सारखी. सरासरी ३ च. पण तिघं संपेपर्यंत थांबायचं असेल तर तिघांपैकी एकाला जरी ४ लागले की ४ च लागतात, आणि तसं आठपैकी सात वेळा होतं. सरासरी थांबणं ३.७५. सरासरी वजनं घालून काढलेला क्रिटिकल पाथ त्यामुळे नेहमी थोडा आशावादी असतो, आणि बरोबरीचे मार्ग जितके जास्त तितका जास्त आशावादी. उलट बाजूनेही हेच: चार मार्ग बरोबरीत असताना एकटा `T31` कितीही वेगवान केला तरी २६ चे २६ च राहतात, कारण `T21` आणि `T41` मधून जाणारे मार्ग तसेच आहेत.

या सगळ्याचा फायदा मला नंतर एका वेगळ्याच ठिकाणी झाला. ओपनएमपीमध्ये आपण ग्राफ स्वतः काढत नाही. टास्क कुठली टाइल वाचते आणि कुठली बदलते एवढंच लिहायचं, बाण रनटाइम काढतो. लॅबमधल्या एका जुन्या कोडमध्ये `TRSM` ची ओळ अशी होती:

```c
#pragma omp task depend(inout: A[k][k]) depend(inout: A[i][k])
```

कर्णावरची टाइल `TRSM` फक्त वाचतो, तिथे `in` हवं होतं. `inout` लिहिल्यावर रनटाइमला वाटतं की प्रत्येक `TRSM` ती टाइल बदलतोय, म्हणून तो त्यांना एकामागे एक उभं करतो. `T21` १ ते ४, `T31` ४ ते ७, `T41` ७ ते १०. उत्तर मात्र बिनचूक येतं. सगळ्या टेस्ट पास होतात, कारण जास्तीच्या बाणाने काम चुकत नाही, फक्त रांग लागते. वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी चार टाइलवर, रनटाइमने काढलेला ग्राफ फाइलमध्ये उतरवून त्यावर ती चार ओळींची फेरी चालवली, वजनं १, ३, ३, ६. यायला हवे होते २६. आले ३२.